बाकी टाकून देऊ नका: tan⁻¹ x ची श्रेणी आणि 1 − 1/3 + 1/5 − 1/7 + …

प्रश्न: 1/(1 + x²) ची भूमिती श्रेणी मांडून पदवार इंटिग्रेट केली की tan⁻¹ x ची श्रेणी मिळते आणि त्यात x = 1 ठेवलं की π/4. पण x = 1 ला मूळ श्रेणी 1 − 1 + 1 − 1 + … अशी होते, ती तर अभिसारीच नाही. मग उत्तर बरोबर कसं येतं? दुसरं म्हणजे, मी १००० पदांची बेरीज करून ४ ने गुणलं तर 3.140592653839794 आलं. तिसरा दशांश चुकला, पण त्यापुढचे सहा अंक पुन्हा बरोबर आहेत. हे कसं?

उत्तर: दोन्ही शंका एकाच जागी सुटतात. अनंत श्रेणी इंटिग्रेट करायचीच नाही. मोजकी पदं घ्यायची, भागाकारात उरलेली बाकी जपून ठेवायची आणि तिच्यासकट इंटिग्रेट करायचं. पुस्तकात बहुतेक वेळा ही बाकी पहिल्याच ओळीत तीन टिंबांच्या आड जाते. पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

शाळेत बहुपदींचा भागाकार करायचो तसा 1 ला 1 + t² ने भागा. पहिला भाग 1 लागतो, बाकी उरते −t². मग −t² चा भाग, बाकी t⁴. मग t⁴ चा भाग, बाकी −t⁶. दर पायरीला बाकी t² ने गुणली जाते आणि चिन्ह बदलते. n पायऱ्यांनंतर थांबलात तर कागदावर हे असतं:

1/(1 + t²) = 1 − t² + t⁴ − … + (−1)ⁿ⁻¹ t²ⁿ⁻² + (−1)ⁿ t²ⁿ/(1 + t²)

यात कुठेही 'अंदाजे' नाही, सीमा नाही, अभिसरणाची अट नाही. t = 1 ठेवून पाहा. n = 3 असेल तर उजवीकडे 1 − 1 + 1 − 1/2, म्हणजे 1/2, आणि डावीकडेही 1/2. n = 4 असेल तर 0 + 1/2. t = 1 ला श्रेणी 1 आणि 0 मध्ये हेलकावे खाते हे खरं, पण शेवटची बाकी आळीपाळीने −1/2 आणि +1/2 होऊन तो हेलकावा दर वेळी भरून काढते.

आता दोन्ही बाजू 0 पासून x पर्यंत इंटिग्रेट करा. उजवीकडे मोजकीच पदं आहेत, त्यामुळे पदवार इंटिग्रेशनला कुणाच्या परवानगीची गरज नाही:

tan⁻¹ x = x − x³/3 + x⁵/5 − … + (−1)ⁿ⁻¹ x²ⁿ⁻¹/(2n − 1) + (−1)ⁿ ∫₀ˣ t²ⁿ/(1 + t²) dt

x = 1 ठेवल्यावर शेवटी जे इंटिग्रल उरतं त्याला आपण Eₙ म्हणू:

Eₙ = ∫₀¹ t²ⁿ/(1 + t²) dt

सगळा प्रश्न आता एवढाच राहिला की n वाढत गेला की Eₙ शून्याकडे जातं का. छेद 1 + t² हा 0 ते 1 मध्ये कायम 1 आणि 2 यांच्या दरम्यान असतो. म्हणून Eₙ हे ∫₀¹ t²ⁿ dt पेक्षा, म्हणजे 1/(2n + 1) पेक्षा कमी, आणि त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त:

1/(4n + 2) < Eₙ < 1/(2n + 1)

दोन्ही टोकं शून्याकडे जातात, म्हणून Eₙ ही जातं, आणि 1 − 1/3 + 1/5 − 1/7 + … = π/4 सिद्ध झालं. आबेलचं प्रमेय वापरूनही इथे पोचता येतं, पण त्यात चूक किती राहते हे कळत नाही.

तरीही मनात राहतं की t = 1 ला बाकी 1/2 च्या खाली कधीच येत नाही, मग तिचं इंटिग्रल शून्याकडे कसं? यासाठी t²ⁿ चा आलेख डोळ्यांसमोर आणा. t = 0.9 ला n = 10 असताना त्याची किंमत साधारण 0.12 असते, n = 50 असताना 0.00003 च्याही खाली. t = 1 ला मात्र ती कायम 1. म्हणजे n वाढतो तसा आलेख जवळजवळ सगळा जमिनीला टेकतो आणि फक्त उजव्या टोकाला एक सुळका उरतो, उंची तीच, रुंदी कमी कमी होणारी. इंटिग्रल म्हणजे क्षेत्रफळ, आणि शून्य रुंदीच्या सुळक्याला क्षेत्रफळ नसतं. श्रेणी एका बिंदूवर बिघडते, पण इंटिग्रेशनला एका बिंदूचं काही वाटत नाही.

याच सुळक्यात दुसऱ्या शंकेचं उत्तर आहे. वरच्या असमानतेची डावी बाजू बहुतेक जण लिहीतच नाहीत, कारण अभिसरणासाठी उजवी पुरते. पण डावी बाजू सांगते की चूक 1/(4n + 2) पेक्षा कमी होणं शक्यच नाही. ही श्रेणी हळू आहे हा आपल्या मोजण्याचा दोष नाही, तिच्या घडणीतच ते आहे. शिवाय सुळका t = 1 ला चिकटलेला, तिथे छेद 2 च्या जवळ, म्हणून Eₙ जवळजवळ निम्मं, म्हणजे 1/(4n) च्या आसपास. π साठी आपण ४ ने गुणतो, म्हणून π मधली चूक 1/n. १००० पदांना 0.001. दहा दशांश खात्रीने हवे असतील तर नुसती पदं जोडत बसल्यास दोन हजार कोटी पदं लागतील, आणि तोवर राउंडिंगच्या चुकाही साचतील.

आता तुमचा आकडा. Eₙ चा विस्तार आणखी एक पाऊल पुढे नेला तर तो 1/(4n) − 1/(16n³) असा येतो (कसा, ते खाली सापडेल), म्हणून π मधली चूक 1/n − 1/(4n³). n = 1000 ला हे 0.001 − 0.00000000025 होतं. π = 3.14159265358979… मधून 0.001 वजा केलं की फक्त तिसरा दशांश 1 चा 0 होतो, बाकी अंक जागच्या जागी. मग 0.00000000025 मिळवायचं, म्हणजे दहाव्या-अकराव्या जागेवरच्या 58 मध्ये 25 मिळवून 83. तुमच्या आकड्यात त्या जागी 83 च आहे, आणि त्यापुढे 979 पुन्हा π चेच अंक. अगदी शेवटचा 4 मात्र संगणकाच्या राउंडिंगचा आहे. चूक 'सुबक' दिसते कारण तुम्ही n हा दहाचा घात घेतला. ७०० पदं घेऊन पाहा, 1/700 वजा होईल आणि असा नमुना मुळीच दिसणार नाही.

चुकीचं रूप इतकं नेमकं माहीत असेल तर ती वजा का करू नये? इथे हा विषय खरा रंगतो. Eₙ आणि Eₙ₊₁ यांची बेरीज करा:

t²ⁿ + t²ⁿ⁺² = t²ⁿ(1 + t²)

छेद कटतो, आणि उरतं

Eₙ + Eₙ₊₁ = ∫₀¹ t²ⁿ dt = 1/(2n + 1)

म्हणजे आपल्याला असं एक साधं सूत्र F(n) शोधायचं आहे, ज्याच्या शेजारच्या दोन किमतींची बेरीज 1/(2n + 1) च्या शक्य तितकी जवळ येईल. पहिला अंदाज 1/(4n):

1/(4n) + 1/(4n + 4) = (2n + 1)/(4n² + 4n)

हवं होतं 1/(2n + 1), म्हणजेच (2n + 1)/(4n² + 4n + 1). छेदात फक्त एकाचा फरक! त्या एकाची भरपाई करायला छेद किंचित मोठा करायचा. 1/(4n) ऐवजी F(n) = n/(4n² + 1) घ्या. बेरीज करताना m = 2n + 1 लिहिलं की अंश नेमका m³ होतो आणि छेदांचा गुणाकार m⁴ + 4:

F(n) + F(n + 1) = m³/(m⁴ + 4)

हे एकदा स्वतः गुणून बघा, अंशात 8n³ + 12n² + 6n + 1 येतं आणि ते (2n + 1)³ आहे हे ओळखताना फार बरं वाटतं. 1/m आणि m³/(m⁴ + 4) मधला फरक आता m च्या पाचव्या घाताच्या छेदात गेला. n/(4n² + 1) चा विस्तार केला की वर वापरलेले 1/(4n) − 1/(16n³) हे दोन तुकडे मिळतात.

फक्त १० पदं घेऊन प्रत्यक्ष पाहू. नुसत्या बेरजेचे चार पट 3.0418396 येतात, एकही दशांश धड नाही. बरेच जण इथे पुढच्या पदाचा निम्मा भाग, म्हणजे 1/(4n + 2), मिळवतात, त्याने 3.1370777 मिळतं. त्याऐवजी 1/(4n) मिळवलं तर 3.1418396, चूक लगेच 0.00025 वर. छेदात 4n च्या जागी 4n + 2 एवढाच काय तो बदल, पण चूक जवळजवळ अठरा पट. कारण सुळका t = 1 च्या थोडा अलीकडे पसरलेला असतो, तिथे छेद 2 पेक्षा किंचित कमी, म्हणून Eₙ हे नेमक्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त असतं. n/(4n² + 1) मिळवलं तर 3.1415902, आणि त्याच्या पुढची दुरुस्ती (n² + 1)/(4n³ + 5n) मिळवली तर 3.14159271. दहा पदं आणि एक अपूर्णांक, आणि चूक अर्ध्या कोट्यंशाच्या आसपास.

```python
from math import pi
n = 10
s = sum((-1)**k / (2*k + 1) for k in range(n))
F = n / (4*n*n + 1)
print(4*s, 4*(s + (-1)**n * F), pi)
```

इथे हमखास होणारी चूक पदं मोजण्यात आहे. k शून्यापासून सुरू होतो, म्हणून `range(n)` मध्ये n पदं येतात आणि दुरुस्तीचं चिन्ह (−1)ⁿ असतं. लूप n पर्यंत धरून चालवलात तर पदं n + 1 होतात आणि चिन्ह उलटं पडतं. ओळखायची खूण सोपी आहे: चिन्ह उलटं लागलं की चूक कमी होण्याऐवजी दुप्पट होते. १० पदांना 3.14 च्या जागी 2.94 दिसलं तर सूत्र बरोबर आहे, चिन्ह चुकलंय. आणि C मध्ये लिहिताना `1/(2*k+1)` असं पूर्णांकात भागलंत तर पहिल्या पदानंतर सगळी पदं शून्य होतात आणि उत्तर बरोब्बर 4 येतं. तिथे `1.0` हवं.

ही दुरुस्ती नवी नाही. संगमग्रामचा माधव (सुमारे १३४० ते १४२५) आणि त्याच्या केरळी परंपरेने ही श्रेणी आणि वरचे तिन्ही अपूर्णांक दिले आहेत. युरोपात ग्रेगरीने tan⁻¹ ची श्रेणी १६७१ मध्ये लिहिली आणि लायब्निझला π/4 ची श्रेणी त्यानंतर दोन-तीन वर्षांत मिळाली. ज्येष्ठदेवाने १५३० च्या सुमारास मलयाळममध्ये लिहिलेल्या 'युक्तिभाषा' या ग्रंथात याची उपपत्ती आहे. तिथे आजच्यासारखं इंटिग्रेशनचं चिन्ह नाही. वर्तुळाच्या स्पर्शिकेचे असंख्य बारीक समान तुकडे पाडून, प्रत्येकासाठी भूमिती श्रेणी मांडून, घातांच्या बेरजांची मर्यादा घेतली आहे, म्हणजे काम तेच. शेवटच्या दुरुस्तीला तिथे अंत्यसंस्कार म्हटलंय आणि उरलेल्या चुकीला स्थौल्य. शेजारच्या दोन संस्कारांची बेरीज मधल्या विषम संख्येच्या व्यस्ताइतकी यावी, ही वर वापरलेली अटच तिथला आधार आहे.

आणि स्थौल्यही वाया जात नाही. Eₙ आणि F(n) मधला फरक Dₙ म्हणू. वरच्या दोन बेरजा वजा केल्या की

Dₙ + Dₙ₊₁ = 1/m − m³/(m⁴ + 4) = 4/(m⁵ + 4m)

n = 0 ला E₀ = π/4 आणि F(0) = 0, म्हणून D₀ = π/4. या ओळी आलटून पालटून मिळवत-वजा करत गेलं की मधले D कटत जातात, Dₙ शून्याकडे जातं आणि शेवटी

π = 16 [ 1/(1⁵ + 4·1) − 1/(3⁵ + 4·3) + 1/(5⁵ + 4·5) − … ]

ही श्रेणीही त्याच केरळी परंपरेत आहे. छेद 5, 255, 3145, 16835, 59085 असे पळतात, आणि या पाच पदांनीच 3.14166 येतं. मूळ श्रेणीची पाच पदं घेतली तर 3.34 वरच असतो.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा: मूळ 1 − 1/3 + 1/5 − … या श्रेणीतल्या पदांचा क्रम बदलायचा नाही. 1 + 1/5 − 1/3 + 1/9 + 1/13 − 1/7 + … अशी दोन धन, एक ऋण या क्रमाने तीच सगळी पदं घेतली तर बेरीज π/4 येत नाही, π/4 + (ln 2)/4, म्हणजे सुमारे 0.9587 येते. धन पदं एकटी घेतली तर त्यांची बेरीज अमर्याद वाढते, ऋण पदांचीही तशीच, आणि श्रेणी केवळ त्यांच्या जुगलबंदीवर तोल सांभाळून असते. प्रोग्राममध्ये धन आणि ऋण पदं दोन वेगळ्या लूपमध्ये जोडायची असतील तर दोन्हीकडे पदांची संख्या सारखी ठेवा, किंवा फार तर एकाने जास्त.

x = 1 च्या पलीकडे गेलं तर बाकीच पहिल्यांदा इशारा देते. ∫₀ˣ t²ⁿ/(1 + t²) dt मध्ये x = 2 घेतला की t²ⁿ फुगत जातं, पदं 2, 8/3, 32/5, 128/7 अशी वाढत सुटतात, आणि tan⁻¹ 2 तर आहे जेमतेम 1.107. तेव्हा tan⁻¹ 2 = π/2 − tan⁻¹(1/2) असं उलटून घ्यायचं. उत्तर रेडियनमध्ये असतं हेही विसरू नका. अंशात हवं असेल तर शेवटी 180/π ने गुणायचं, मधे कुठे नाही.

x एकापेक्षा लहान घेतला तर सुळकाच राहत नाही, कारण बाकी |x|²ⁿ⁺¹/(2n + 1) च्या आत असते आणि दर पदाला ती x² पटीने खाली येते. माधवाने म्हणूनच tan⁻¹(1/√3) = π/6 निवडलं. १/√३ बाहेर काढून ६ ने गुणलं की

π = √12 [ 1 − 1/(3·3) + 1/(5·3²) − 1/(7·3³) + … ]

दर पद मागच्याच्या एक तृतीयांशाहून लहान. १० पदांना चूक 0.000002 च्या थोडी वर, म्हणजे वरच्या n/(4n² + 1) च्या दुरुस्तीइतकीच. २१ पदांना बाकीची मर्यादा √12/(43·3²¹), साधारण 0.000000000008. नऊ निखर्व, म्हणजे 900000000000, व्यासाच्या वर्तुळाचा परीघ माधवाच्या नावे 2827433388233 असा सांगितला जातो. भागाकार करून पाहा, 3.14159265359 पर्यंत तो जुळतो.